दांडीच्या वाटेवरच्या नद्या: कालरेषा आणि कोरा नकाशा उजळणीच्या वेळापत्रकात बसवताना

दहावीची एक विद्यार्थिनी. परीक्षेला सहा आठवडे उरलेले. इतिहास आणि भूगोल दोन्ही वाचून झालेले, स्वाध्याय सोडवलेले, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित केलेल्या. तिच्या वेळापत्रकात सोमवार, बुधवार, शुक्रवार इतिहास आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार भूगोल, रोज एक तास. शेवटच्या चार दिवसांपुढे लिहिलेले होते: 'सनावळ्या व नकाशे'. हे प्रकरण त्या चार दिवसांचे काम सहा आठवड्यांत कसे पसरवले याचे आहे. असे वेळापत्रक बहुतेक मुलांचे असते. सनावळी आणि नकाशा म्हणजे पाठांतर, ते लवकर केले तर विसरेल, म्हणून शेवटी करायचे, असा हिशेब त्यामागे असतो.

तो हिशेब का चुकतो हे तिच्या पहिल्या चाचणीतच दिसले. चाचणी साधी होती. भारताच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या 1905 ते 1947 या काळातील वीस घटना वीस चिठ्ठ्यांवर लिहिल्या, साल न लिहिता. तिने त्या फक्त आधी-नंतर अशा लावायच्या होत्या. बारा जागच्या जागी आल्या, आठ चुकल्या. त्या आठांमध्ये जवळजवळ एकच चूक पुन्हा पुन्हा होती. साँडर्सचा वध तिने दांडीयात्रेनंतर ठेवला. काकोरी कट सायमन कमिशननंतर गेला. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांची फाशी पुणे कराराच्याही पुढे जाऊन बसली.

तिला सालच विचारले असते, तर यातली निम्मी साले तिने बरोबर सांगितली असती. क्रांतिकारकांच्या प्रकरणातल्या घटना तिला त्या प्रकरणाच्या क्रमाने पाठ होत्या आणि गांधीयुगातल्या घटना त्या प्रकरणाच्या क्रमाने. पुस्तकात सशस्त्र क्रांतीचा पाठ गांधीयुगाच्या पाठानंतर येतो, म्हणून डोक्यातही क्रांतिकारक नंतर आले. विषयवार लिहिलेल्या पुस्तकातून हा तोटा होतोच. दोन पाठांना जोडणारे काही नसेल, तर पाठांचा क्रम हाच काळाचा क्रम वाटू लागतो. शेवटच्या चार दिवसांत सनावळीची यादी पाठ करून हे सुटत नाही, कारण यादीसुद्धा पाठवारच असते.

नकाशाची चाचणी वेगळ्या कारणाने बिघडली. भारताच्या कोऱ्या आराखड्यात वीस गोष्टी दाखवायच्या होत्या: नद्या, डोंगर, सरोवरे, बंदरे, शहरे. आठ बरोबर आल्या. चुकलेल्या बारांपैकी सात तिला नावे छापलेल्या नकाशात लगेच सापडल्या. म्हणजे नाव वाचून जागा ओळखणे जमत होते, पण कोऱ्या कागदावर जागा ठरवणे जमत नव्हते. ही दोन निराळी कामे आहेत आणि परीक्षेत दुसरेच करायचे असते. तिने आतापर्यंत नकाशाचा अभ्यास म्हणून जे केले होते, ते सगळे पहिल्या प्रकारचे होते: ॲटलास उघडून पाहणे, बोट फिरवणे, रंग भरणे.

तासाची नवी बांधणी

बदल छोटा केला. शेवटचे चार दिवस काढून टाकले आणि प्रत्येक तासाच्या सुरुवातीचा तुकडा बाजूला काढला. इतिहासाच्या तासात पहिली दहा मिनिटे कालरेषा, भूगोलाच्या तासात पहिली पंधरा मिनिटे कोरा नकाशा. दोन्ही पुस्तक उघडण्याआधी, आठवून. उरलेल्या वेळात त्या दिवसाचा पाठ. रविवारी चाळीस मिनिटे दोन्ही एकत्र.

'आधी' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पाठ वाचून झाल्यावर लगेच कालरेषा भरली तर ती छान भरते, कारण सगळे ताजे असते. पण त्यातून काय टिकले ते कळत नाही. आधी भरली तर परवा वाचलेले आज किती उरले ते दिसते. कागद अर्धा रिकामा राहतो, मुलांना ते आवडत नाही. या मुलीलाही पहिला आठवडाभर हे वेळ वाया घालवणे वाटत होते. रिकाम्या जागा सहन करायची तयारी नसेल, तर दोन मिनिटांत हात पुस्तकाकडे जातो. म्हणून पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवायचे ठरले.

हा वेळ आला कुठून? आठवड्याला साधारण दोन तास लागले. त्यातला रविवारचा तुकडा नवा होता. बाकीचा वेळ पाठ पुन्हा पूर्ण वाचण्याच्या वेळातून कापला. तिसऱ्यांदा अख्खा पाठ वाचण्याऐवजी, कालरेषेवर जे रिकामे राहिले तेवढाच परिच्छेद वाचायचा.

कालरेषा कशी आखली

मुलांच्या वहीतल्या बहुतेक कालरेषा म्हणजे आडवी मांडलेली यादी असते. दहा घटना, दहा खुणा, सगळ्या सारख्या अंतरावर. तिचा उपयोग यादीइतकाच. कालरेषेला प्रमाण हवे, नकाशाला असते तसे.

येथे एका वर्षाला एक सेंटिमीटर हे प्रमाण घेतले. 1905 ते 1947 ही दोन्ही टोके धरून 43 वर्षे होतात, म्हणजे 43 सेंटिमीटर. ए-फोर कागद आडवा धरला तर 29.7 सेंटिमीटरच मिळतात, म्हणून दोन कागद एक सेंटिमीटर एकमेकांवर चढवून चिकटवले. पट्टी सुमारे 58 सेंटिमीटरची झाली आणि दोन्ही बाजूंना समास राहिला. रेषेच्या वर-खाली तीन पट्टे आखले. सर्वांत वर राष्ट्रीय सभेची आंदोलने आणि अधिवेशने, मध्ये सरकारचे कायदे, आयोग आणि परिषदा, खाली क्रांतिकारकांच्या घटना.

तीन पट्ट्यांचा फायदा 1928 या सेंटिमीटरवर सर्वांत स्पष्ट दिसतो. मधल्या पट्ट्यात फेब्रुवारीत सायमन कमिशन भारतात येते. वरच्या पट्ट्यात ऑगस्टमध्ये नेहरू अहवाल येतो. ऑक्टोबरच्या अखेरीस लाहोरच्या निदर्शनात लाला लजपतराय यांच्यावर लाठीहल्ला होतो, 17 नोव्हेंबरला त्यांचे निधन होते, आणि 17 डिसेंबरला, बरोबर एक महिन्याने, खालच्या पट्ट्यात साँडर्सचा वध. तीन पाठांतल्या घटना एकाखाली एक आल्या. दांडी अजून दोन सेंटिमीटर उजवीकडे आहे. एकदा हा उभा स्तंभ डोळ्यांपुढे आला की साँडर्सची घटना दांडीनंतर जाऊच शकत नाही, कारण तिचे कारण डावीकडे आहे. चिठ्ठ्यांच्या चाचणीत सर्वांत जास्त चुकलेली गोष्ट पुढच्या पाच आठवड्यांत पुन्हा चुकली नाही.

सारख्या प्रमाणाचा दुसरा फायदा रिकाम्या जागांचा. 1922 ते 1927 हा भाग तिच्या पट्टीवर ओसाड होता. असहकार आंदोलन फेब्रुवारी 1922 मध्ये चौरीचौराच्या घटनेनंतर मागे घेतले गेले, इथपर्यंत तिला माहीत होते. त्यानंतर थेट सायमन. यादीत हे अंतर दिसत नाही, पट्टीवर पाच सेंटिमीटरचे दिसते. मग त्या जागेत काय होते ते शोधावे लागले: 1923 च्या सुरुवातीला स्वराज्य पक्ष, 1925 च्या ऑगस्टमध्ये काकोरी. काकोरीची जागा तिने शोधून भरली, म्हणून ती टिकली.

याच्या उलट अडचण 1928 ते 1932 या पाच वर्षांत आली. तेथे घटनांची इतकी दाटी की एक सेंटिमीटरमध्ये अक्षरे मावेनात. म्हणून त्या पाच वर्षांसाठी वेगळा कागद घेतला, एका वर्षाला पाच सेंटिमीटर. पंचवीस सेंटिमीटरची ही रेषा एका आडव्या ए-फोरवर बसते आणि एक महिना साधारण चार मिलिमीटरचा होतो. गांधी-आयर्विन करार 5 मार्च 1931 चा आणि भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांची फाशी 23 मार्चची. मोठ्या पट्टीवर या दोन खुणा एकमेकींवरच येतात. दाटीच्या कागदावर त्यांच्यात अडीच मिलिमीटर अंतर पडते आणि करार आधी, फाशी नंतर हे स्पष्ट दिसते. करारानंतर राष्ट्रीय सभेच्या कराची अधिवेशनात तरुणांचा रोष का होता, हे त्या अडीच मिलिमीटरमधून समजते.

सालांचे पाठांतर असे ठरवले नव्हते. पाच साले खुंट्यांसारखी पक्की केली: 1905, 1919, 1930, 1942, 1947. बाकीच्या घटना खुंटीपासून मोजायच्या. पुणे करार दांडीनंतर दोन वर्षांनी, क्रिप्स योजना छोडो भारतच्याच वर्षी पण पाच महिने आधी, नौदलाचा उठाव शेवटच्या खुंटीच्या आदल्या वर्षी. असे केल्यावर एखादे साल विसरले तरी उत्तर फार तर एका वर्षाने हुकते, आंदोलनाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पडत नाही.

महिना कुठे पाठ करायचा आणि कुठे नाही, याचाही एकच नियम ठेवला: त्या वर्षात दोन घटनांचा क्रम विचारला जाऊ शकतो का? 1942 मध्ये महिना हवा, कारण मार्च आणि ऑगस्ट हा क्रम अर्थाला लागतो. 1923 मध्ये नको.

कोऱ्या नकाशाची पंधरा मिनिटे

नकाशाच्या तीस झेरॉक्स प्रती एकदमच काढून ठेवल्या. पुसता येणारी, प्लास्टिक चढवलेली एकच प्रत वापरायची सूचना नेहमी केली जाते. कागद वाचतो हे खरे, पण पुसल्याबरोबर चूकही पुसली जाते. मागच्या मंगळवारी कोल्लेरू कुठे काढले होते हे आज शेजारी ठेवून पाहता आले पाहिजे. म्हणून प्रत्येक प्रतीवर तारीख, आणि सर्व प्रती एकाच फायलीत.

एका वेळी दहा गोष्टी, त्याहून जास्त नाहीत. त्यात मागच्या वेळी चुकलेल्या, आठवडाभरापूर्वी बरोबर आलेल्या आणि दोनच नव्या. काम फक्त शिसपेन्सिलीने. दुसऱ्या आठवड्यात तिचा नकाशा पंचवीस मिनिटे चालू लागला, म्हणून पाहिले तर ती नद्या निळ्या आणि डोंगर तपकिरी करत होती. रंगीत पेन्सिली बंद केल्यावर पंधरा मिनिटे पुरली. तपासणी तिचा मोठा भाऊ करायचा, लाल पेनाने, त्याच प्रतीवर.

भावाचा पहिला प्रश्न होता, किती चुकले तर चूक धरायची? हे आधी ठरवलेले बरे, नाहीतर घरची तपासणी कधी फार सैल होते तर कधी फार कडक. भारताची उत्तर-दक्षिण लांबी 3,214 किलोमीटर आहे. तिच्या आराखड्यात भारत सुमारे 20 सेंटिमीटर उंच होता, म्हणजे एक सेंटिमीटर म्हणजे साधारण 160 किलोमीटर. शहरासाठी पाच मिलिमीटरची, म्हणजे 80 किलोमीटरची सूट ठेवली. पण सूट फक्त अंतराला, बाजूला नाही. एखादी गोष्ट नदीच्या किंवा डोंगराच्या चुकीच्या बाजूला गेली, किनाऱ्याचे बंदर समुद्रात किंवा आत जमिनीवर पडले, तर एक मिलिमीटरचीही चूक ती चूकच.

हा नियम नर्मदा आणि तापीसाठीच करावा लागला. दोघींची मुखे एकमेकींपासून सुमारे 60 किलोमीटरवर आहेत, तिच्या नकाशात चार मिलिमीटरही नाहीत. अंतराच्या नियमाने दोघींची अदलाबदल केली तरी दोन्ही बरोबर ठरल्या असत्या. आणि तिने अदलाबदल केलीच होती, तीनदा. तीन वेळा भावाने लाल पेनाने दुरुस्त केले, चौथ्या वेळी पुन्हा तापी वर.

येथे नुसत्या उजळणीने भागत नाही हे लक्षात आले. दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या पाठ केल्या की गोंधळ तसाच राहतो, त्यांच्या मधली वस्तू पाठ केली की तो जातो. नर्मदा विंध्य आणि सातपुड्याच्या मधून वाहते, तापी सातपुड्याच्या दक्षिणेने. म्हणून सूचना बदलली. नद्या काढायच्याच नाहीत, आधी डोंगर काढायचे. वरून खाली चार आडव्या रेषा: विंध्य, नर्मदा, सातपुडा, तापी. डोंगर, नदी, डोंगर, नदी. चारही एका दमात, कधीही सुट्या नाहीत.

पूर्व किनाऱ्यावरची तीन सरोवरेही याच पद्धतीने ओवली. चिल्का, कोल्लेरू, पुलिकत सुटी सुटी दाखवताना ती तिन्हींची जागा अंदाजाने ठरवत होती. मग उत्तरेकडून दक्षिणेकडे एक साखळी केली: महानदीचे मुख, चिल्का, गोदावरीचे मुख, कोल्लेरू, कृष्णेचे मुख, पुलिकत, चेन्नई, कावेरीचे मुख. कोल्लेरू गोदावरी आणि कृष्णा यांच्या त्रिभुज प्रदेशांच्या मध्ये आहे, त्यामुळे दोन नद्या नीट आल्या की त्याला दुसरी जागाच उरत नाही.

शहरांसाठी दोन फिकट रेषा आखल्या. पहिली कर्कवृत्ताची. अहमदाबाद, भोपाळ, रांची आणि कोलकाता या चारही शहरांची जागा तिच्या किंचित दक्षिणेला आहे, कोलकाता त्यातल्या त्यात थोडे जास्त खाली. दुसरी 77 आणि 78 पूर्व रेखावृत्तांच्या मधली उभी रेषा. दिल्ली, भोपाळ, बंगळुरू आणि कन्याकुमारी या चौघांची जागा तिच्याच आसपास. भोपाळ दोन्ही रेषांच्या छेदापाशी येते. ज्या मुलाला भोपाळ नीट दाखवता येते त्याचा मध्य भारत सहसा घसरत नाही. याशिवाय चेन्नई, बंगळुरू आणि मंगळुरू जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, 13 अंशांच्या आसपास. तिने चेन्नई तमिळनाडूच्या किनाऱ्याच्या मध्यावर आणि बंगळुरू त्याच्या बरेच वर काढले होते. आडवी पट्टी ठेवल्यावर चूक तिलाच दिसली.

खुणेबद्दल एक गोष्ट. तिच्या पहिल्या तीन प्रतींवर शहराचे नाव होते पण ठिपका नव्हता. नाव तीन सेंटिमीटर लांब, त्यातले शहर नेमके कुठे? तपासणाऱ्याला गुण देता येत नाहीत. ठिपका आधी, नाव नंतर, आडवे. किनाऱ्यावरच्या ठिकाणांची नावे समुद्राच्या बाजूला लिहायची, म्हणजे आतली जागा मोकळी राहते. नदी उगमाकडून मुखाकडे काढायची आणि रेषा किनाऱ्याला टेकवायची. अर्धवट थांबलेली गोदावरी अरबी समुद्राला मिळते की बंगालच्या उपसागराला हे कागदावर ठरत नाही.

चुकांची वही

भावाने वहीत प्रत्येक चुकीपुढे चारपैकी एक अक्षरखूण करायची असे ठरले. क्र म्हणजे क्रम चुकला, सा म्हणजे साल चुकले पण क्रम बरोबर, जा म्हणजे नाव माहीत पण जागा चुकली, ना म्हणजे नावच आठवले नाही.

या खुणांवर उपाय ठरत होता, म्हणून त्या हव्यात. क्र असेल तर दोन घटनांमधले कारण शोधायचे आणि पट्टीवर त्यांना बाणाने जोडायचे. सा असेल तर जवळच्या खुंटीपासून मोजायचे, एवढेच. जा असेल तर ती गोष्ट एकटी न काढता शेजारच्या दोन गोष्टींसह काढायची. ना असेल तरच पुस्तकाकडे परत जायचे. आधी ती चारही चुकांवर एकच उपाय करत होती: पाठ पुन्हा वाचणे. तो फक्त शेवटच्या प्रकारावर लागू पडतो, आणि तिच्या वहीत तो प्रकार सर्वांत कमी होता.

चुकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी परत यायची, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग दोन आठवड्यांनी. मध्ये कुठेही पुन्हा चुकली तर पहिल्यापासून. वहीत नावापुढे चार रकाने आणि त्यात पुढच्या तारखा, एवढीच यंत्रणा. 'दुसऱ्या दिवशी' विषय वेगळा असला तरी चालतो. भूगोलाच्या तासाआधी दोन मिनिटांत कालच्या दोन घटना तोंडी सांगून होतात. या अंतरांमुळे एक मर्यादा आपोआप आली. शेवटच्या दहा दिवसांत नवी गोष्ट घ्यायची नाही, कारण तिला आठवड्याची फेरी पुरी करून पुन्हा तपासायला वेळच उरत नाही.

रविवारची चाळीस मिनिटे

रविवारी चिठ्ठीवर घटना असायची आणि ती कोऱ्या नकाशात दाखवायची. ठिकाणी आकडा लिहायचा, आणि आकडे काळाच्या क्रमाने. चंपारण्य 1, खेडा 2, अमृतसर 3, चौरीचौरा 4, काकोरी 5, अशा रीतीने.

पहिल्याच रविवारी ती अडली. लाहोरची चिठ्ठी हातात घेऊन म्हणाली, "दादा, हे कुठे दाखवू? नकाशात जागाच नाही." तिच्यासमोर आजच्या भारताचा आराखडा होता. 1929 चे लाहोर अधिवेशन त्यात दाखवता येत नाही, आणि मुस्लीम लीगची 1906 मधली स्थापना ढाक्याची, तीही नाही. इतिहासाच्या नकाशाला 1947 पूर्वीचा आराखडा लागतो. तो न मिळाल्यास भारत आणि शेजारी देश एकत्र असलेला आराखडा घ्यावा. आजच्याच आराखड्यावर सराव केला तर मुले लाहोर ओढून पंजाबात आत आणतात आणि तीच सवय लागते.

नर्मदा-तापीचा शेवट याच रविवारी लागला. दांडीयात्रा साबरमती आश्रमातून 12 मार्च 1930 ला निघाली आणि 5 एप्रिलला दांडीला पोहोचली, 6 एप्रिलला मीठ उचलले गेले. सुमारे 385 किलोमीटर, उत्तरेकडून दक्षिणेकडे, खंभातच्या आखाताच्या पूर्वेने. त्या वाटेवर यात्रेकरूंना मही ओलांडावी लागली, मग भडोचपाशी नर्मदा, मग सुरतेपाशी तापी. नकाशात ही वाट काढायची म्हणजे चार नद्या ओळीने येतात: निघताना साबरमती, मग मही, नर्मदा, तापी. वाट आधी आणि नद्या तिला आडव्या, असे तिने दोनदा काढले. त्यानंतर तापी वर गेली नाही. डोंगरांच्या चार रेषांनी अर्धे काम झाले होते, उरलेले या वाटेने केले. इतिहास आणि भूगोल एकाच कागदावर आणायचे ते अशा जागांसाठी. ओढूनताणून प्रत्येक घटनेला नकाशा लावण्यात अर्थ नाही. नेहरू अहवाल कुठे दाखवायचा? 1935 चा कायदा कुठे? ते पट्टीवरच राहू द्यावेत.

जे बिघडले

तिसऱ्या आठवड्यात कालरेषा अचानक फारच चांगली येऊ लागली. दहा मिनिटांऐवजी सहा, आणि जवळजवळ सगळे बरोबर. भावाने चिठ्ठ्या परत काढल्या तर क्रम पुन्हा डळमळला. ती घटना आठवत नव्हती, कागद आठवत होती: 'दोन कागदांच्या जोडापाशी सायमन', 'कोपऱ्यात वर छोडो भारत'. रोज तीच पट्टी त्याच आकारात भरल्याचा हा परिणाम. ओळखायची खूण अशी की मूल डावीकडून उजवीकडेच भरते, आणि मधूनच विचारले की अडते.

त्यावर तीन फेरफार आळीपाळीने वापरले. एका दिवशी रेषा 1930 पासून सुरू करून दोन्ही बाजूंना भरायची. एका दिवशी प्रमाण बदलायचे, वर्षाला अर्धा सेंटिमीटर. एका दिवशी रेषाच नाही, फक्त पाच चिठ्ठ्या, आणि शेजारच्या प्रत्येक जोडीत किती वर्षे गेली ते सांगायचे. सहा मिनिटांची पुन्हा दहा झाली, पण आता ती घटना आठवत होती.

नकाशातही तसेच झाले, जरा उशिरा. तिच्या प्रतींवर राज्यांच्या सीमा छापलेल्या होत्या आणि ती सीमांच्या वळणांवरून जागा ठरवत होती. चौथ्या आठवड्यात फक्त बाह्यरेषा असलेला आराखडा दिला तेव्हा रांची, रायपूर आणि जबलपूर तिन्ही घसरली. परीक्षेत सीमा असतील तर चांगलेच, पण सराव दोन्हींवर हवा. तिच्या दर तीन प्रतींमागे एक सीमा नसलेली ठेवली, आणि एक थोड्या लहान आकाराची. तेव्हापासून दोन फिकट रेषांचे महत्त्व तिला खरे कळले, कारण आता टेकायला त्याच होत्या.

या सगळ्याने जे साधत नाही तेही लिहून ठेवतो. 'असहकार आंदोलन मागे का घेतले गेले' हे पट्टी सांगत नाही, फक्त चौरीचौरा त्याच्या लगेच आधी आहे एवढे दाखवते. उत्तर लिहिण्याचा सराव निराळाच करावा लागतो, आणि चौथ्या आठवड्यात तिचा तो मागे पडला होता. म्हणून पाचव्या आठवड्यापासून कालरेषेची दहा मिनिटे एका दिवसाआड केली आणि त्या मोकळ्या दहा मिनिटांत पट्टीवरच्या एका बाणाचे चार वाक्यांत उत्तर लिहायचे ठरवले. बाण कोणता ते चिठ्ठी काढून.

शेवटच्या आठवड्यात नवे काही नव्हते. वहीतले चारही रकाने पुरे झालेल्या गोष्टी वगळल्या आणि उरलेल्या तेवढ्या रोज एका प्रतीवर. वीस चिठ्ठ्या पुन्हा लावून घेतल्या तेव्हा एकच जोडी उलटी आली: 1932 मधली तिसरी गोलमेज परिषद आणि पुणे करार. परिषदेचा महिना नोव्हेंबर, कराराचा सप्टेंबर. दाटीच्या कागदावर त्या दोन खुणांमध्ये सुमारे आठ मिलिमीटर अंतर आहे. तिने तो कागद काढून फक्त 1932 चे पाच सेंटिमीटर पुन्हा आखले: ऑगस्टमध्ये जातीय निवाडा, सप्टेंबरमध्ये पुणे करार, नोव्हेंबरमध्ये परिषद. निवाड्यातून करार निघाला हा बाण तेथे आधीपासूनच होता. परिषदेची खूण तिने बाणाच्या टोकापुढे नव्याने केली, आणि वहीत त्या जोडीपुढे क्र लिहून दुसऱ्या दिवसाची तारीख घातली.